दोन तिरक्या रेघा

रात्रीचे पावणेनऊ वाजले होते. गॅसवर वरण उकळत होतं, मी हिंग शोधत होते आणि फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. “मॅडम, भोसरीहून बोलतोय, पॅलेटवाला. माझं काय चुकलं तेवढं सांगता का?” आवाज पन्नाशी उलटलेल्या माणसाचा, आणि मागे कुठेतरी लाकूड कापायच्या मशीनची घरघर. इतक्या रात्री काम चालू होतं. मला काही कळेना. मग ते म्हणाले, “ऑर्डर कॅन्सल केलीत ना तुम्ही? मेल आलाय. लाकूड उधारीवर आणून टाकलंय हो, निम्मं कापून झालंय.” मी गॅस बंद केला आणि त्यांना मेल वाचून दाखवायला सांगितला. इंग्रजी वाचायला मुलगा लागतो आणि मुलगा बाहेर गेला होता, त्यामुळे त्यांनी फोनच्या पडद्यावर वर आलेली ओळ तेवढी अक्षर जुळवत वाचली: “कॅन्सल्ड... चेक... पेंडिंग... अर्जंट.”

ऑर्डर कॅन्सल झालेली नव्हती. माल रचून ठेवायच्या साठ लाकडी पॅलेटची ती ऑर्डर व्यवस्थित उभी होती. आमच्या कारखान्याच्या अकाउंट्स खात्याने त्यांच्याकडे कॅन्सल केलेला चेक मागितला होता आणि तो नीट आला नाही म्हणून आठवण करून दिली होती. मी हे सांगितल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “पण चेक तर मी परवाच फाडून पाठवला.”

फाडून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी त्यांची फाइल उघडली. खरंच फाडला होता. चेकचे बरोबर मधोमध दोन तुकडे, भुश्शाने माखलेल्या एका फळीवर शेजारी शेजारी ठेवून काढलेला फोटो. कडा एकमेकींना भिडाव्यात म्हणून वरून एका बाजूला पट्टी ठेवलेली. फाटलेली रेघ नेमकी खाते क्रमांकातून गेली होती आणि एक आकडा तीन आहे की आठ, हे सांगणं अशक्य होतं. आमच्याकडच्या नव्या मुलाने नियमाप्रमाणे तो कागद नाकारला आणि सिस्टिममध्ये साठवलेला आठवणीचा मेल पाठवून दिला. त्याचं काही चुकलं नव्हतं. काकांचंही नव्हतं. रद्द कर म्हटल्यावर माणूस चेक फाडतोच की. माझ्या वडिलांनीही फाडलाच असता.

वडिलांचं कराडला कापडाचं दुकान होतं. चेकबुक देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, पंचांगाच्या शेजारी असायचं. वर्षाला पाच-सहा चेक लिहिले जात असतील. त्या दिवशी दुकानातून लवकर घरी येऊन, हातपाय धुऊन, चष्मा पुसून ते पाटावर बसायचे. रक्कम अक्षरी लिहिताना “मात्र” या शब्दानंतर रेघ ओढायचे, म्हणजे मागून कोणाला काही भरता येऊ नये. एखादं अक्षर चुकलं तर तो चेक बारीक बारीक फाडून चुलीत घालायचे आणि डाव्या बाजूच्या पट्टीवर “रद्द” लिहून तारीख टाकायचे. कोरा चेक दुसऱ्याच्या हातात जाणं म्हणजे दुकानाची किल्ली जाणं, हे मी ऐकत मोठी झाले. आणि गेली अकरा वर्षं मी चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्समध्ये बसून रोज अनोळखी माणसांना लिहिते आहे की तुमचा एक चेक मला पाठवा.

तो मेल मी लिहिलेला नव्हता. माझ्या आधी कोणीतरी लिहिला होता आणि त्याच्या आधी आणखी कोणी. ऑडिटरने एक कागद मागितला की एक ओळ वाढायची. कोणी एकदा चुकीचं काही पाठवलं की एक दमदाटीचं वाक्य वाढायचं. मी तो त्या सकाळी पहिल्यांदा मन लावून वाचला. सुरुवातीला नमस्कार नाही. “खालील कागदपत्रं तीन दिवसांत सादर करावीत, अन्यथा पेमेंट रोखून धरलं जाईल” अशी पहिलीच ओळ, तीही लाल अक्षरांत. मग बँकेचा पुरावा, पॅन, जीएसटी, कॅन्सल्ड चेक, सगळं एका दमात. का मागतोय, कसं पाठवायचं, कोणाला विचारायचं, यातलं काहीच नाही. खाली सहीच्या जागी माणसाचं नावसुद्धा नाही, नुसतं “व्हेंडर टीम”.

आणि मग मला एका जुन्या प्रकरणाची आठवण झाली. दोन-अडीच वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या पुरवठादाराच्या नावाने मेल आला होता. “आमच्या खात्याचं ऑडिट सुरू आहे, यापुढची रक्कम सोबतच्या नव्या खात्यात जमा करावी, तातडीने, अन्यथा माल पाठवता येणार नाही.” सोबत नव्या खात्याचा कॅन्सल्ड चेक, अगदी छान छापलेला. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे होतं, ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या खजिनदार बाईंना सवय होती म्हणून वाचलो. खातं बदलायचं असलं की त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीच फोन करायच्या नाहीत, आपल्या जुन्या फाइलमधला नंबर काढायच्या. तिकडून उत्तर आलं, “आम्ही कुठे काय कळवलंय?” तो मेल मी ठेवून दिला होता. त्या सकाळी मी तो उघडला आणि आमचा मेल त्याच्या शेजारी लावला. तातडीने. अन्यथा. अनोळखी नाव. बँकेचे तपशील. दोन्हींची भाषा एकच होती. ठगाचा मेल आणि आमचा मेल यांत समोरच्याने फरक करावा तरी कशावरून? उलट, अशा भाषेला घाबरून मुकाट्याने कागद पाठवायची सवय आम्हीच त्यांना लावत होतो.

त्या दिवशी मी ठरवलं की हा मेल पुन्हा लिहायचा. पण त्याआधी काकांची फाइल पुरी करायची होती.

शनिवारी ते स्वतःच आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, कानामागे सुताराची चपटी पेन्सिल तशीच राहिलेली, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आख्खं चेकबुक, पासबुक, जीएसटीचं सर्टिफिकेट आणि पॅन कार्ड. “तुम्हीच बघा यातलं काय लागतं ते,” म्हणाले. मी चहा सांगितला आणि आम्ही एकेक कागद टेबलावर मांडला.

पॅन कार्डावर त्यांचं स्वतःचं नाव होतं, तेही आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं पूर्ण. जीएसटीच्या सर्टिफिकेटवर दोन नावं होती, वर त्यांचं स्वतःचं आणि खाली धंद्याचं, कुठल्याशा देवीच्या नावाने सुरू होणारं. चेकवर फक्त धंद्याचं नाव, आणि त्याचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं. आमच्या नव्या मुलाने फाइलवर शेरा मारला होता, “तिन्ही नावं जुळत नाहीत.” वरवर पाहिलं तर खरंच होतं. पण एकट्याच्या मालकीच्या धंद्यात असंच असतं. धंद्याला स्वतःचा पॅन नसतो, मालकाचाच पॅन चालतो. करंट खातं मात्र धंद्याच्या नावाने उघडतात. या दोन टोकांना जोडणारा कागद म्हणजे जीएसटीचं सर्टिफिकेट, कारण त्यावर दोन्ही नावं एकाखाली एक छापलेली असतात. म्हणून ते मागायचं. आणि सगळी पानं मागायची, कारण शेवटच्या पानावर मालकाचं नाव आणि फोटो असतो. लोक पहिल्या पानाचा फोटो पाठवतात, मग आपण पुन्हा मेल करतो, आणि मेलमध्ये “सर्व पानं” असे दोन शब्द घालायचं कोणाला सुचत नाही.

काकांना मी त्यांचा जीएसटी नंबर दाखवला. पंधरा अक्षरांचा. सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्र. मग पॅन कार्ड त्याच्या शेजारी ठेवलं. तिसऱ्या अक्षरापासून बाराव्यापर्यंत तेच, जसंच्या तसं. ते दोन्हीकडे बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत गेले आणि शेवटी हसले. “म्हणजे पॅन याच्या पोटातच आहे की!” पोटातच होता. तरीही आमचा मेल आणि त्याला जोडलेला तक्ता दोन्ही नंबर वेगवेगळे टाइप करायला लावत होता. एकाच माणसाकडून एकच गोष्ट दोनदा लिहून घेतली की एका जागी चूक व्हायचीच. पुरवठादाराच्या जीएसटी नंबरात एक अक्षर चुकलं तर दर महिन्याच्या चौदा तारखेला पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीशी आमची नोंद जुळत नाही आणि कराचं क्रेडिट शोधत आम्ही बसतो. पॅन चुकला तर भोगतो तो पुरवठादार. काका नव्या पॅलेटबरोबर जुन्या दुरुस्तही करून देतात. दुरुस्तीची बिलं मोठी झाली की त्यावर टीडीएस कापावा लागतो, आणि धंदा एकट्याचा असल्यामुळे तो एक टक्का असतो. पॅन नसला तर तोच वीस टक्के होतो. शंभर रुपयांतला एक आणि शंभर रुपयांतले वीस, एवढा फरक एका कार्डाच्या फोटोचा. हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. “मला वाटलं, चौकशीसाठी मागताय,” ते म्हणाले.

मग चेक. त्यांनी चेकबुक माझ्याकडे सरकवलं. “तुम्हीच रद्द करा, मला भीती वाटते.” मी ते परत त्यांच्यापुढे केलं. आपला चेक आपल्या हाताने रद्द केलेला बरा. मग आम्ही तो चेक आधी नुसता वाचला. वर शाखेच्या पत्त्याशेजारी आयएफएससी, अकरा अक्षरांचा, पहिली चार अक्षरं बँकेची आणि पाचवं नेहमी शून्य. ते शून्य लोक ‘ओ’ समजून टाइप करतात. मधे चौकटीत खाते क्रमांक. उजवीकडे सहीच्या जागेवर खातेदाराचं छापील नाव. तळाला पांढऱ्या पट्टीवर ते वेगळ्या वळणाचे आकडे. त्या पट्टीतले पहिले सहा आकडे म्हणजे चेकचा नंबर, आणि कितीतरी जण तोच खाते क्रमांक म्हणून लिहून पाठवतात. काकांनी तक्त्यात तेच केलं होतं. मग मी त्यांना सांगितलं की आम्हाला या कागदावरून पैसे काढता येत नाहीत, आम्हाला फक्त हे तीन तपशील बँकेने छापलेले हवेत. कारण आपण एनईएफटी करतो तेव्हा रक्कम खाते क्रमांकावर जाते. नाव काहीही लिहिलं तरी तिकडची बँक पैसे त्या क्रमांकावर टाकते. अलीकडे, २०२५ च्या एप्रिलपासून, पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांनी द्यावी असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे, पण नाव पडद्यावर दिसलं तरी ते कशाशी ताडून बघायचं, त्यासाठी हा कागद हाताशी लागतोच. फाटलेल्या जागचा तीन आम्ही आठ वाचला असता तर पैसे एक तर परत आले असते आणि काका वाट बघत बसले असते, नाही तर भलत्याच्याच खात्यात पडले असते.

काकांनी कानामागची पेन्सिल काढली. मी नको म्हटलं. पेन्सिल खोडता येते, आणि अलीकडे खोडता येणाऱ्या शाईची पेनंही निघाली आहेत, म्हणून साधं बॉलपेन आणि तेही स्वतःचं. त्यांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि माझ्या टेबलावरची पट्टी घेतली. तिरक्या दोन समांतर रेघा मारायच्या, मधे “कॅन्सल्ड” लिहायचं, तारीख नाही, नाव नाही, रक्कम नाही आणि सही तर मुळीच नाही. मी इतकं बोलेपर्यंत त्यांनी पट्टी चेकवर तीनदा वेगवेगळ्या कोनांत ठेवून पाहिली होती. फळीवर कापायच्या आधी सुतार माप धरतो ना, तसं. खाते क्रमांकाची चौकट सोडून, आयएफएससी सोडून, खालची पांढरी पट्टी सोडून, पण चेकच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाईल असा एकच कोन असतो, तो त्यांनी शोधून काढला. मग श्वास रोखून दोन रेघा ओढल्या. मी हजारो कॅन्सल्ड चेक पाहिले असतील. गुणाकारासारखी फुली मारलेले, खाते क्रमांकावर मार्करने गिरबटलेले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खाली झोकात सही केलेले. ती सही बघून मला दर वेळी कसंतरी होतं. सहीचा नमुना आणि खाते क्रमांक एकाच कागदावर, आणि तो कागद मेलने कुठे कुठे फिरणार. इतका सरळ, इतका विचार करून रद्द केलेला चेक मी तोवर पाहिला नव्हता.

चेकबुकाच्या सुरुवातीच्या नोंदीच्या पानावर त्यांनी त्या चेकच्या नंबरापुढे लिहिलं, “रद्द, कंपनीला दिला,” आणि तारीख टाकली. मला एकदम देव्हाऱ्याखालचा कप्पा दिसला.

मेल पुन्हा लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या. आमच्या साहेबांना आधी वाटलं की यात एवढं काय आहे. विषयाची ओळ सगळ्यात अवघड गेली, कारण फोनच्या पडद्यावर तिचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात आणि माणूस तेवढ्यावर घाबरतो किंवा निर्धास्त होतो. शेवटी मी लिहिलं, “तुमचं पेमेंट सुरू करण्यासाठी तीन कागद”. कॅन्सल हा शब्द विषयात नाही, अर्जंट नाही. पहिल्या ओळीत त्यांच्या ऑर्डरचा नंबर आणि माल काय आहे ते. ते फक्त आम्हाला आणि त्यांनाच माहीत असतं, त्यामुळे मेल खरा आहे हे तिथेच कळतं. मग तीन कागद, प्रत्येकापुढे तो कशासाठी हवा ते एका वाक्यात. मेल इंग्रजीत आणि खाली मराठीत, कारण आमचे निम्मे पुरवठादार भोसरी-चाकणच्या पट्ट्यातले आहेत. चेकचा मजकूर मी असा लिहिला: “तुमच्या खात्याच्या एका कोऱ्या चेकवर बॉलपेनने दोन तिरक्या रेघा मारून मधे ‘कॅन्सल्ड’ लिहा. सही करू नका. चेक फाडू नका. खाते क्रमांक, आयएफएससी आणि तुमचं छापील नाव स्पष्ट दिसेल असा फोटो पाठवा. चेकवर तुमचं नाव छापलेलं नसेल तर पासबुकाचं पहिलं पान किंवा बँकेचं पत्र चालेल.” या शेवटच्या वाक्यासाठी मला भांडावं लागलं. पूर्वी आम्ही चेक आणि बँकेचं पत्र दोन्ही मागायचो, सरसकट सगळ्यांकडे. बँकेच्या पत्रासाठी छोट्या कारखानदाराचा अर्धा दिवस जातो, शाखेत साहेब जागेवर नसले तर पूर्ण. चेकवर नाव, क्रमांक, आयएफएससी तिन्ही छापलेलं असताना पत्र कशाला हवं, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. “आधीपासून मागतो” एवढंच. मग ते गेलं.

एक अडचण मात्र मला मेलमध्ये सोडवता आली नाही. काहींकडे अजून विलीन झालेल्या बँकांची जुनी चेकबुकं पडून आहेत. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात गेली, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत. खाती चालू आहेत, पण त्या चेकवर छापलेला आयएफएससी केव्हाच बंद झालाय. माणूस प्रामाणिकपणे चेकचा फोटो पाठवतो आणि कागद चुकीचा ठरतो. याची सूचना मेलमध्ये घालायला गेले तर सहा ओळी झाल्या, आणि ज्यांना ती लागू नाही असे नव्वद जण गोंधळले असते. म्हणून ती ओळ मी काढली आणि ऑफिसातल्या त्या नव्या मुलाच्या टेबलावर, काचेखाली, अशा बँकांची यादी ठेवली. असा चेक आला की मेल न करता सरळ फोन करायचा.

शेवटचा परिच्छेद मी त्या ठगाच्या मेलकडे बघत लिहिला. “आम्ही तुमच्याकडे ओटीपी, पिन किंवा सही केलेला चेक कधीही मागणार नाही. पुढे कधी तुमचं खातं बदललं, तर तुम्ही आज दिलेल्या नंबरवर आम्ही स्वतः फोन करून खात्री करू. हा मेल आमचाच आहे का, अशी शंका आली तर कागद पाठवण्याआधी तुमच्या ऑर्डरवर छापलेल्या नंबरवर फोन करा.” नंबर मुद्दाम मेलमध्ये दिला नाही, ऑर्डरच्या कागदावरचा बघा म्हटलं. मेल ज्याने पाठवला त्यानेच दिलेला नंबर कसला पुरावा! साहेब म्हणाले, अशाने फोन वाढतील. मी म्हटलं, वाढू देत. खाली माझं नाव लिहिलं.

मागच्या आठवड्यात, जेवणाची सुट्टी व्हायच्या थोडं आधी, टेबलावरचा फोन वाजला. बाई होत्या, हातमोजे आणि एप्रन शिवून देणाऱ्या, नव्यानेच ऑर्डर घेतलेल्या. मागे दोन-तीन शिलाई मशीनचा आवाज येत होता. “तुमचा मेल आलाय,” त्या जरा अडखळत म्हणाल्या. “तो खरंच तुमचाच आहे का, एवढं विचारायला फोन केला. राग मानू नका.” मी ऑर्डरचा नंबर विचारला, त्यांनी सांगितला, मी त्यांना मालाचा तपशील सांगितला. मग त्यांनी आणखी एक विचारलं.

“आणि सही नाही ना करायची?”

“नाही ताई,” मी म्हटलं, “सही अजिबात नको.”